आजारपणात एफडी मोडायची आहे, पेनल्टी माफ करून मागायची तर नेमकं काय मागायचं?

घरातल्या वयस्कर माणसाचं ऑपरेशन निघालं की पहिला हात एफडीकडे जातो, आणि बँकेत गेलं की काउंटरवरून उत्तर येतं की मोडता येईल पण पेनल्टी लागेल. मग आपण म्हणतो अहो मेडिकल केस आहे, सीनियर सिटीझन आहेत, काही सूट नाही का. सूट असते, पण सगळीकडे नसते आणि आपोआप तर कुठेच मिळत नाही असंच धरून चाला. मागावी लागते, आणि मागताना नेमकं काय मागतोय हे माहीत असलं तर मिळायची शक्यता बरीच वाढते.

सगळ्यात मोठा गोंधळ असतो तो "पेनल्टी" म्हणजे काय याचाच. एफडी मुदतीआधी मोडली की आपलं दोन ठिकाणी नुकसान होतं आणि लोक दोन्हीला मिळून पेनल्टी म्हणतात. पहिलं नुकसान म्हणजे दर बदलतो. तुम्ही तीन वर्षांसाठी पैसे ठेवले म्हणून तीन वर्षांचा दर मिळाला होता, आता पंधरा महिन्यांतच काढताय, तर बँक म्हणते की पंधरा महिन्यांच्या एफडीला जो दर होता तोच धरणार. आणि हा दर आजचा नाही बरं का, ज्या दिवशी एफडी ठेवली त्या दिवशीच्या दरपत्रकातला. दुसरं नुकसान म्हणजे त्या बदललेल्या दरातूनही आणखी कापलं जातं, बऱ्याच बँकांत अर्धा ते एक टक्का. खरी पेनल्टी ही एवढीच. मेडिकल कारणावर माफ होऊ शकते ती ही दुसरी गोष्ट. पहिली माफ होत नाही, कारण जितके दिवस पैसे राहिले तितक्याच दिवसांचा दर द्यायचा हे रिझर्व्ह बँकेच्या नियमातच आहे, मॅनेजर कितीही भला माणूस असला तरी तिथे त्याच्या हातात काही नसतं. त्यामुळे "आम्हाला ठरलेलं पूर्ण व्याज द्या" असा अर्ज गेला की तो तिथेच अडकतो, आणि ज्या गोष्टीत खरंच सूट मिळाली असती तीही त्याच्यासोबत बाजूला पडते.

आकड्यांत बघू म्हणजे लक्षात येईल. समजा एक काकू आहेत, वय ७२, बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलने इंप्लांट धरून साडेतीन लाखांचं एस्टिमेट दिलं. काकूंची ४ लाखांची एफडी आहे, तीन वर्षांची, साडेसात टक्क्यांनी, व्याज दर तीन महिन्यांनी सेव्हिंग खात्यात जमा होतं, म्हणजे तिमाहीला ७,५०० रुपये. एफडीला पंधरा महिने झालेत, तर आतापर्यंत त्यांना ३७,५०० रुपये व्याज मिळून खर्चही होऊन गेलंय. आता बँकेने दरपत्रक काढलं, ठेव ठेवली तेव्हा पंधरा महिन्यांना सात टक्के दर होता. त्या हिशोबाने पंधरा महिन्यांचं व्याज होतं ३५,००० आणि दिलेत ३७,५००, म्हणजे अडीच हजार जास्त दिले गेले, ते बँक मुद्दलातून कापून घेणार. ही कपात कोणालाच चुकत नाही. त्यावर एक टक्का पेनल्टी लावली की दर सहा टक्के होतो, व्याज ३०,००० आणि कपात साडेसात हजार. म्हणजे पेनल्टीसकट हातात येणार ३,९२,५०० आणि पेनल्टी माफ झाली तर ३,९७,५००. अख्ख्या अर्जाची किंमत ५,००० रुपये. बँकेची पेनल्टी अर्धा टक्का असेल तर अडीच हजारच.

मुद्दलातून पैसे कापले हे बघून म्हातारी माणसं फार घाबरतात, बँकेने आमचे पैसे खाल्ले असं वाटतं. तसं नसतं, आधी जास्तीच्या दराने दिलेलं व्याज परत घेतलेलं असतं. ज्यांची एफडी व्याज साठत जाणारी असते, म्हणजे शेवटीच सगळं एकदम मिळतं, त्यांना हे जाणवत नाही कारण तिथे नुसतं मिळणारं व्याज कमी दिसतं. हिशोब तोच.

आता हे ५,००० वाचवायला पळापळ करण्याआधी एक गोष्ट जरूर तपासा, एफडी मोडायलाच हवी का? एफडीवर कर्ज किंवा ओव्हरड्राफ्ट मिळतो, साधारण ठेवीच्या ९० टक्क्यांपर्यंत, आणि व्याज बहुतेक ठिकाणी एफडीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त. काकूंनी साडेतीन लाखांचा ओव्हरड्राफ्ट साडेआठ टक्क्यांनी घेतला असं धरा, तर दोन महिन्यांचं व्याज जवळपास ४,९६० रुपये लागेल, आणि त्याच दोन महिन्यांत त्यांची ४ लाखांची एफडी ५,००० रुपये व्याज कमावत असेल. म्हणजे जवळजवळ फिट्टंफाट. मेडिक्लेम आहे पण कॅशलेस झालं नाही, आधी भरून मग रीइम्बर्समेंट मिळणार आहे, किंवा मुलगा दोन महिन्यांनी पैसे पाठवणार आहे, अशा वेळी एफडी मोडणं म्हणजे उगाच नुकसान.

पैसे परत येणारच नसतील तर? साडेतीन लाखांवर तो वरचा एक टक्का म्हणजे वर्षाला ३,५०० रुपये खरा खर्च. पेनल्टी माफ झाली तर मोडायचा खर्च २,५०० आहे, त्यामुळे आठ-नऊ महिन्यांच्या आत कर्ज फिटणार असेल तर ओव्हरड्राफ्ट, त्याच्या पुढे जाणार असेल आणि माफी मिळत असेल तर मोडलेलं बरं. माफी मिळत नसेल तर काकूंच्या केसमध्ये उरलेल्या एकवीस महिन्यांतही ओव्हरड्राफ्टच थोडा स्वस्त पडतो. फक्त एक आहे, हे गणित टॅक्स लागत नसलेल्यांचं आहे. ज्यांच्या एफडीच्या व्याजावर टॅक्स लागतो त्यांना मिळणाऱ्या व्याजावर टॅक्स भरावा लागतो पण दवाखान्यासाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज वजा करता येत नाही, त्यांना कर्ज महाग पडतं. आणि अनेक आजी-आजोबांना या वयात डोक्यावर कर्ज नकोच असतं, तेही मला पटतं, आजारपणात शांत झोप लागणं महत्त्वाचं.

एकापेक्षा जास्त एफडी असतील तर कुठली मोडायची हेही बघा. मागच्याच महिन्यात आपोआप रिन्यू झालेली एफडी मोडली तर जायचं ते फक्त त्या एका महिन्याचं व्याज, आधीच्या मुदतीचं व्याज पदरात पडलेलं असतं. उलट जिची मुदत संपायला दोन महिने राहिलेत ती मोडण्यात सगळ्यात जास्त तोटा, त्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्यायचा. काही बँका एफडीतले थोडेच पैसे काढू देतात, बाकीचे जुन्याच दराने चालू राहतात, तेही विचारून ठेवा.

बरं, मोडायचंच ठरलं. आता माफी कोण देतं? रिझर्व्ह बँकेने असा कुठलाही नियम केलेला नाही की ज्येष्ठ नागरिकाला आजारपणात पेनल्टी लावू नका. नियम एवढाच आहे की पेनल्टीबद्दल प्रत्येक बँकेचं स्वतःचं, संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असलं पाहिजे आणि एफडी घेतानाच ग्राहकाला पेनल्टीचा दर सांगितला पाहिजे. आणखी एक, २०२३ च्या ऑक्टोबरपासून १ कोटीपर्यंतच्या वैयक्तिक एफडीला मुदतीआधी काढायची सोय द्यावीच लागते, म्हणजे साध्या एफडीला "मोडताच येणार नाही" असं कोणी सांगू शकत नाही. (टॅक्स सेव्हिंगवाली पाच वर्षांची एफडी यातून वेगळी, तिच्याकडे शेवटी येतो.) पेनल्टी माफ करायची का, कोणाला, कुठल्या कारणाला, हे सगळं त्या त्या बँकेच्या धोरणात. कुठे ज्येष्ठांना सरसकट माफी असते, कुठे फक्त गंभीर आजाराला, कुठे लिहिलेलं काहीच नसतं पण शाखेच्या किंवा विभागीय ऑफिसच्या साहेबाला अधिकार असतो.

म्हणून बँकेत जायच्या आधी दोन कागद वाचा. एक एफडीची पावती, तिच्या मागे बारीक अक्षरात अटी असतात. दुसरं बँकेच्या वेबसाइटवरचं डिपॉझिट पॉलिसी नावाचं पीडीएफ, त्यात प्रीमॅच्युअर विड्रॉवलचा परिच्छेद शोधायचा. तिथे माफीबद्दल एक ओळ जरी सापडली तर तिची प्रिंट काढून अर्जाला जोडा, कारण काउंटरवरच्या नवीन पोराला ती ओळ माहीत असेलच असं नाही, आणि मग तुमचं बोलणं विनंतीवरून हक्कावर येतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईल ॲपवरून किंवा नेट बँकिंगवरून एफडी मोडू नका! घाईत मुलं हेच करतात, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभं राहून आईच्या फोनवर दोन बटणं दाबली की पैसे खात्यात, पण सिस्टिम पेनल्टी कापूनच पैसे देते, तिथे कारण लिहायला सहसा जागाच नसते. एकदा एफडी बंद झाली की कापलेली पेनल्टी परत मिळवणं फार कठीण. आधी अर्ज, मग लेखी मंजुरी, मग मोडणं, हा क्रम. हॉस्पिटलला डिपॉझिट आजच भरायचं असेल आणि मंजुरीला वेळ लागणार असेल तर मधल्या काळासाठी ओव्हरड्राफ्ट काढता येतो का ते बघा, मंजुरी आली की एफडी मोडून तो फेडायचा.

अर्ज मराठीत लिहिला तरी चालतो, एका पानाच्या पुढे नको. साधारण असा:

प्रति, शाखा व्यवस्थापक,
विषय: वैद्यकीय कारणासाठी मुदत ठेव मुदतपूर्व बंद करणे व दंड माफ करणेबाबत.
महोदय, मी आपल्या शाखेची ठेवीदार असून माझे वय ७२ वर्षे आहे. माझी मुदत ठेव क्रमांक ... रक्कम रु. ४,००,००० आपल्याकडे आहे. दिनांक ... रोजी माझ्या खुब्याचे हाड मोडले असून डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया सांगितली आहे. हॉस्पिटलचा अंदाजे खर्च रु. ३,५०,००० आहे. हा खर्च भागवण्यासाठी माझ्याकडे दुसरी सोय नाही. तरी सदर ठेव मुदतपूर्व बंद करून द्यावी. जितका काळ ठेव राहिली त्या काळाला लागू असलेला दर मला मान्य आहे, मात्र त्यावरील मुदतपूर्व दंड वैद्यकीय कारण व ज्येष्ठ नागरिक म्हणून माफ करावा ही विनंती. दंड माफीबाबतचा निर्णय मला ठेव बंद करण्यापूर्वी लेखी कळवावा. रक्कम माझ्या बचत खाते क्रमांक ... मध्ये जमा करावी.

यातलं "लागू असलेला दर मला मान्य आहे" हे वाक्य सोडू नका. मॅनेजरला लगेच कळतं की या माणसाला नियम माहीत आहे आणि जे देता येतं तेवढंच मागतोय. सोबत डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं, तारीख असलेलं सर्टिफिकेट, हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं एस्टिमेट, एफडीची पावती, ओळखपत्र. मेडिक्लेमने कॅशलेस नाकारलं असेल किंवा अर्धंच मंजूर केलं असेल तर ते पत्र जरूर जोडा, पैशांची गरज खरी आहे हे त्यातून दिसतं. अख्खी मेडिकल फाईल मात्र देत बसू नका, बँकेला एक्स-रे आणि रक्ताचे रिपोर्ट काय करायचेत, आजाराचं नाव, सल्ला आणि खर्च एवढं पुरे. पेशंट नवरा किंवा बायको असेल आणि एफडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर आधी विचारा, काही ठिकाणी माफी फक्त ठेवीदाराच्या स्वतःच्या आजाराला असते. अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर तारखेसकट पोच घ्यायची, पोच देत नसतील तर तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर पाठवायचा.

इथपर्यंत सगळं जमतं आणि गाडी अडते ती सहीवर. एफडी दोघांच्या नावावर आणि "ईदर ऑर सर्व्हायव्हर" लिहिलेली असली की लोकांना वाटतं कोणा एकाची सही चालेल. मुदत संपल्यावर चालते, मुदतीआधी मोडायला मात्र दोघंही हयात असतील तर दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे काकू ॲडमिट आहेत आणि काका पावती घेऊन बँकेत गेले तर एकट्या काकांच्या सहीवर एफडी मोडत नाही. नॉमिनी असलेल्या मुलाला तर ठेवीदार जिवंत असताना काहीच अधिकार नसतो, कितीही आधार कार्ड दाखवा. अशा वेळी अर्ज हॉस्पिटलमध्ये नेऊन सही आणायची. हात थरथरतो, सही जुळत नाही, असं असेल तर अंगठा चालतो, पण तो बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. अंगठाही देता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा किंवा एखादी खूणसुद्धा अशाच साक्षीने चालते. म्हणजे बँकेचा माणूस हॉस्पिटलला यावा लागतो आणि तशी विनंती करता येते, अर्जातच एक ओळ लिहा. ७० च्या पुढच्या लोकांना घरपोच बँकिंग द्यायचा प्रयत्न करा असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय, त्याचा उल्लेख करायला लाजू नका. पण पेशंट बेशुद्ध असेल तर यातलं काहीच चालत नाही, ओव्हरड्राफ्टसुद्धा नाही. त्यामुळे ऑपरेशन ठरलेलं असेल तर भूल द्यायच्या आदल्या दिवशीपर्यंत सह्या उरकून घ्या, हे ऐकायला कठोर वाटतं पण नंतर घरच्यांचे हाल होतात.

माफी खरंच मिळाली का हे तोंडी ऐकून सोडून देऊ नका. एफडी बंद केल्यावर जी क्लोजर स्लिप मिळते तिच्यावर व्याजाचा दर छापलेला असतो. काकूंच्या बाबतीत तिथे ७.०० दिसला तर माफी मिळाली, ६.०० दिसला तर नाही मिळाली, "हो हो केलंय काकू" या वाक्याला काही अर्थ नाही. आणि ७.०० हा तरी बरोबर आहे का, म्हणजे ठेव ठेवली त्या दिवसाच्या दरपत्रकात त्या कालावधीला ज्येष्ठांसाठी तोच दर होता का, हे पण बघा. ज्येष्ठांचा वरचा अर्धा टक्का धरायचा राहून गेला तर तो फरक अर्ध्या टक्क्याच्या पेनल्टीइतकाच असतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. टीडीएस जुन्या जास्तीच्या व्याजावर कापला गेला असेल तर तो रिटर्न भरून परत मागावा लागतो, बँक देत नाही.

नकार आला तर? शाखेने नाही म्हटलं म्हणजे संपलं असं नाही, शाखेला अधिकार नसेल तर अर्ज विभागीय ऑफिसला पाठवायला सांगा, ते बऱ्याचदा नुसतं विचारलं नाही म्हणून पाठवत नाहीत. त्यापुढे बँकेचा तक्रार विभाग, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर फुकट तक्रार करता येते. पण इथे खोटी आशा नको. धोरणात माफी नाहीच आणि बँकेने माफी दिली नाही, ही तक्रार लोकपालाकडे सहसा टिकत नाही, कारण तो बँकेचा व्यावसायिक निर्णय धरला जातो. टिकते ती अशी: धोरणात माफी लिहिलेली असून दिली नाही, पेनल्टीचा दर एफडी घेताना सांगितलाच नव्हता, किंवा दर चुकीचा धरला. तक्रार त्याच शब्दांत लिहा, "आई आजारी होती तरी बँकेने दया दाखवली नाही" असं लिहून उपयोग होत नाही.

राहिल्या दोन वेगळ्या एफडी. टॅक्स सेव्हिंगची पाच वर्षांची एफडी मुदतीआधी मोडता येत नाही, आजारपणातही नाही, आणि तिच्यावर कर्जही मिळत नाही. म्हणून सत्तरीनंतर या एफडीत किती पैसे अडकवायचे याचा विचार ठेवतानाच करा, टॅक्स वाचतो म्हणून एजंट सांगतो तेवढ्यावर जाऊ नका. आणि दुसरी कंपनी एफडी, म्हणजे एनबीएफसीमध्ये, बँक नसलेल्या वित्त कंपनीत ठेवलेली. तिथे पहिले तीन महिने पैसे अडकलेले असतात, पण १ जानेवारी २०२५ पासून नियम आला की ठेवीदाराला क्रिटिकल इलनेस असेल तर त्या तीन महिन्यांतही पूर्ण मुद्दल परत मागता येतं, व्याज मात्र शून्य. क्रिटिकल इलनेसची व्याख्या विमा नियामकाच्या नियमांप्रमाणे, म्हणजे कॅन्सर, मोठा हार्ट अटॅक, किडनी निकामी होणं असे आजार त्यात बसतात, पण काकूंसारखं खुब्याचं हाड मोडलं तर ते त्यात बसत नाही. त्यामुळे कंपनीला अर्ज करताना डॉक्टरांकडून सर्टिफिकेटवर आजाराचं पूर्ण वैद्यकीय नाव लिहून घ्या, नुसतं "हार्ट प्रॉब्लेम" लिहिलं तर अर्ज परत येतो.